मधल्या ठिपक्यावरची शालन

मारुतीच्या चौकात माझं छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दिवाळीत छत्री कोण आणतो? म्हणून त्या भाऊबीजेला घडलेलं सगळं मी फळीवर बसून, पाय हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. कोणी वेगळं सांगितलं तर समजा की तो तेव्हा फराळ खात होता.

शालन कोष्टी आमच्या गल्लीत लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत माहेरहून दोनच गोष्टी आल्या. एक तांब्याचा तांब्या, आणि दुसरी एक सुतळी. सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी. दोघींनी ती ताणून धरायची, प्रत्येक गाठीपाशी रांगोळीची चिमूट सोडायची, की ठिपक्यांची ओळ अशी पडे की पट्टी लावून बघा. बाकीच्या बाया उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद ठेवून वर रांगोळी पसरायच्या, त्यात चार फुलं आणि एक कासव यापलीकडे काही व्हायचं नाही. शालन ठिपक्यांवर अक्षरं लिहायची.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? लिहून बघा. ठिपक्यांना उभं, आडवं आणि तिरकं एवढंच कळतं, आणि आपली अक्षरं सगळी पोट सुटलेली. श घ्या. त्याचा वाकडा गळा तीन तिरक्या रेघांत मोडावा लागतो. भ-ची गाठ चार ठिपक्यांच्या मधे पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्यासारखी बसवायची, आणि त्याच्या डोक्यावरची रेघ तोडायची, नाहीतर चार पावलांवरून तो म दिसतो. उकार खाली लोंबतो, त्याला खाली दोन ओळी. वेलांटी वर चढते, तिला वर दोन. हे सगळं आधीच मोजून ठेवावं लागतं. पण खरा घोळ तिथेही नाही. खरा घोळ मध्याचा.

आमच्या गल्लीत एक समज पक्का होता. शुभेच्छेचा शब्द चौकटीच्या बरोबर मधे बसला पाहिजे. तो डावी-उजवीकडे झुकला की वर्षभर गल्ली झुकते. एका दिवाळीत तो दोन ठिपके झुकला होता, त्या वर्षी आमच्याकडच्या तीन वराती चुकून पलीकडच्या गल्लीत जेवल्या, आणि सुताराच्या म्हशीला डाव्या बाजूनंच दूध यायला लागलं. म्हैस मी स्वतः पाहिली आहे.

भाऊबीजेचा मजकूर ठरलेला, 'शुभ भाऊबीज'. अक्षरं सहा. कुणीही म्हणेल, तीन इकडे, तीन तिकडे, झाला मध्य. तसं नसतं. श चार ठिपके, भ चार, मधे एक मोकळा, म्हणजे 'शुभ' नऊ. 'भाऊबीज'मध्ये भ चार आणि त्याचा काना दोन, ऊ ऐसपैस पाच, ब चार आणि वेलांटीचा दांडा दोन, ज चार, मधली तीन अंतरं. झाले चोवीस. दोन शब्दांमधे तीन ठिपके पुरतात, पण मग बेरीज होते छत्तीस, आणि सम आकड्याला मधला ठिपका नसतो. म्हणून शालन शब्दांमधे चार सोडायची. सदतीस. त्यातला एकोणिसावा ठिपका मधला, आणि त्यावर कोण येतं? भा-चा काना. सरळ, उभा, ओळंब्यासारखा. नुसती अक्षरं मोजणाऱ्या बाया मध्य भा आणि ऊ यांच्या फटीत धरायच्या आणि एका ठिपक्यानं फसायच्या.

शालन आधी तो काना ओढायची, मग उजवीकडे एक अक्षर, डावीकडे एक अक्षर, असं दोन्ही हातांनी भाकरी थापल्यासारखं बाहेर सरकत जायची. शब्दाच्या दोन्ही अंगांना नऊ-नऊ ठिपके मोकळे. त्याबाहेर सहा ठिपके रुंदीची वेलबुट्टीची चौकट, ती बाकीच्या बाया बाहेरून भरायच्या. चौकटीत खालच्या बाजूला मध्यावर दोन ठिपक्यांचं दार सोडलेलं. अक्षरं झाली की शालन पुन्हा मधे यायची, कान्याच्या पायथ्याशी सुतळीचं टोक धरून दोन्ही बाजू मापायची, आणि दारातून बाहेर पडून दार भरायची. मग गल्लीतल्या थोरल्या गोदाक्का हळदकुंकू वाहायच्या.

हळदकुंकू पडलं की रांगोळी पुसायची नाही, ओलांडायची नाही, दिवेलागणीपर्यंत. वाहिलेलं उचलायचंच झालं तर जिनं वाहिलं तिनंच उचलायचं, आणि आपल्याच कपाळाला लावायचं. हे नियम चौकातल्या मारुतीलाही ठाऊक होते. तो त्या दिवशी पायरीसुद्धा उतरत नसे.

आता शालनच्या भावाचं. नाव विश्राम, राहायचा विट्याला. वीस वर्षं तो भाऊबीजेला स्वतः यायचा, चौकातली रांगोळी बघायचा, बहिणीकडून ओवाळून घ्यायचा. मग साखरेनं त्याचा एक पाय नेला. तेव्हापासून शालननंच जायचं ठरलं. पहिल्या वर्षी निघता निघता गोदाक्का म्हणाल्या, "एवढी बारा दारं लिहून जा, पोरी." प्रत्येक दारासमोर रांगोळीत त्या घरातल्या बाईच्या भावाचं नाव. बारा दारं होईतो गाडी गेली. दुसऱ्या वर्षी तेच. विश्राम मात्र सकाळी आंघोळ करून पाटावर बसायचा आणि ओवाळल्याशिवाय घास घ्यायचा नाही. दोन्ही वर्षं तो दिवे लागेपर्यंत उपाशी बसला. हे शालनला नंतर वहिनीच्या पत्रातून कळलं. वहिनीनं त्यात डॉक्टरांचं बोलणंही लिहिलं होतं, की अशा माणसानं उपाशी राहायचं नसतं.

म्हणून या वर्षी शालननं आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं. "चौकातली लिहीन, दारं नाही. साडेनवाची विट्याची गाडी धरणार."

"धर की," गोदाक्का म्हणाल्या होत्या. "तुला कोण बांधून ठेवतंय?"

आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर ठिपके पडले. पहाटे अक्षरं सुरू झाली. साडेसातला ज-चा दांडा उतरला. मी फळी उघडून बसलो तेव्हा शालन मधे उकिडवी बसून सुतळीनं दोन्ही बाजू मापत होती. तिची पिशवी माझ्याच दुकानात ठेवलेली. तिच्यात निरांजन, अक्षतांची पुडी, आणि विश्रामसाठी बिनसाखरेचा चिवडा.

तिची पाठ दाराकडे होती. गोदाक्का खाली बसल्या. सत्तरीतली बाई, पण खाली बसताना गुडघा वाजला नाही. दोन चिमटीत दाराची वेल जुळवली, लाल भरला, हिरवा भरला, आणि चौकटीभर हळदकुंकू उधळून हात जोडले. मी हे पाहत होतो. मी ओरडलो का नाही, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. मला वाटलं त्या दाराची किनार नीट करताहेत. छत्रीवाल्याला दाराचं काय कळतं?

शालन उठली, वळली, आणि उभीच राहिली.

"गोदाक्का, दार कुठं गेलं?"

"अगं बाई." गोदाक्कांनी गालाला हात लावला. "तू आतच होय? मला वाटलं तू कधीच भाईर पडलीस."

"मी तुमच्या समोर बसले होते."

"डोळ्याला कमी दिसतंय बघ हल्ली."

"वेलीचा देठ देठाला बरोबर जुळवलाय तुम्ही."

बाकीच्या बाया एकमेकींच्या पदराआड गेल्या. सहा वीत रुंद चौकट, हळदकुंकू पडलेली, आणि आत नऊवारी नेसलेली, पन्नाशीला टेकलेली बाई. तिनं एक पाऊल पुढं टाकलं, आणि आमच्या गल्लीनं एकदम असा श्वास आत ओढला की माझ्या दुकानातल्या तीन छत्र्या आपोआप उघडल्या.

"ओलांडू नको गं," कोणीतरी म्हणालं. "आज भाऊबीज आहे. भावावर जाईल."

शालननं पाऊल मागं घेतलं. भावावर जाईल म्हटल्यावर काय करणार? त्याच शब्दानं तिला खिळवलं. ती कान्याच्या पायथ्याशी जाऊन बसली. मधल्या ठिपक्यावर.

आठ वाजले. उन्हं चौकात उतरली. मी छत्रीच्या लांब काडीला किटली अडकवून तिला चहा पोचवला, एक थेंब सांडला नाही. मग दुसऱ्या काडीवरून एक उघडी छत्री दिली, ती तिनं डोक्यावर धरली. परगावचे दोन पाहुणे आले, त्यांना वाटलं हा या वर्षीचा देखावा आहे. "फार जिवंत केलीय हो मूर्ती," म्हणाले. एकानं हातही जोडले. मूर्तीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चपला न घालताच गेला.

"गोदाक्का," शालन आतून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझा दादा पाटावर बसला असेल."

"बसू दे की. पाटच आहे, काटे थोडेच आहेत."

"त्याला उपाशी चालत नाही."

"मग सांगावा धाडायचा, जेवून घे म्हणून. हे बघ, कागदाचे ठिपके मी दारादारात पाडून ठेवलेत. दिवे लागले की बाहेर येशील तेव्हा नावं लिही. माझा आबाजी दुपारी येतोय, त्याचं तेवढं आतूनच सांग, कुठला ठिपका कुठं जोडायचा ते. मी जोडते." आबाजी म्हणजे गोदाक्कांचा धाकटा भाऊ, निवृत्त हेडमास्तर. दरवर्षी दारातलं आपलं नाव बघून तो म्हणायचा, वा, काय वळण आहे. त्या एका वा-वर गोदाक्का वर्ष काढायच्या.

"तुमच्या भावाचं नाव दारात पाहिजे," शालन म्हणाली, "म्हणून माझा भाऊ पाटावर उपाशी."

गोदाक्कांनी तोंड फिरवलं. फिरवलेल्या तोंडानं म्हणाल्या, "गल्लीचा मान असतो, पोरी. लिहिणारं दुसरं कोण आहे आमच्यात?"

ते खरं होतं, आणि तीच शालनची खरी चौकट होती. बावीस वर्षं ती लिहीत आली म्हणून दुसरी कोणी शिकली नाही, आणि दुसरी कोणी शिकली नाही म्हणून ती लिहीत राहिली. चिमटीतून पांढरी रेघ सोडता सोडता तिनं स्वतःभोवतीच सोडली होती. मारुतीच्या देवळातल्या घड्याळात पाऊण वाजायला आला, म्हणजे पावणेनऊ. त्या घड्याळाचा मोठा काटाच तेवढा शाबूत होता. शालन छत्रीखाली बसून ठिपके मोजत होती. आपले सगळे श्वास संपले तरी ठिपके तेवढेच राहणार, असं तिचं तोंड झालेलं.

मग ती थांबली. छत्री मिटून बाजूला ठेवली. उजवीकडे ज-च्या पुढं गेली आणि तिथले मोकळे नऊ ठिपके बोटानं मोजले. चार सोडले. डबीतून चिमूट घेतली.

"काय करतेस?" गोदाक्का उठल्या. "पुसायचं नाही हं."

"पुसत नाही. वाढवतेय. वाढवायला बंदी आहे का?"

कोणालाच आठवेना. तशी बंदी नव्हतीच, कारण आजवर आत राहून कोणी वाढवलंच नव्हतं.

शालननं द लिहिला. द-ला तीन ठिपके. त्याची शेपटी खाली तिरकी सोडली. त्याला काना, दोन ठिपके. चार अंतर आणि पाच अक्षर, नऊ संपले. काना येऊन चौकटीच्या वेलीला टेकला. तिनं आत गुलाल भरला, हात झटकले, आणि मधे जाऊन पुन्हा बसली.

बाया बघत राहिल्या. आधी कोणाला कळलं नाही, मग सगळ्यांना एकदम कळलं. 'शुभ भाऊबीज दा'. उजवी बाजू गच्च, डावी मोकळी. सदतिसाचे झाले शेहेचाळीस. मध्याचा काना मध्यात राहिला नव्हता. मध्य साडेचार ठिपके उजवीकडे सरकला होता, म्हणजे तो ठिपक्यावर नव्हताच, दोन ठिपक्यांच्या मधे लटकत होता.

"अगं, झुकलं," सुतारीण म्हणाली. तिनं लगेच गोठ्याकडे पाहिलं.

"आणि दा म्हणजे काय?" दुसरी म्हणाली.

"दादा लिहायचंय," शालन म्हणाली. "जागा संपली. दुसरा दा चौकटीत जातो."

"म्हणजे अर्धाच दादा?"

"अर्धाच."

कोणाच्या तरी हातातली करंजी मोडून पडली. भाऊबीजेच्या दिवशी, हळदकुंकवाच्या चौकटीत, अर्धा भाऊ. वर तो झुकलेला. आणि दुपारी सगळ्या गल्लीचे भाऊ त्यावरून येणार.

"ते पूस," गोदाक्का म्हणाल्या.

"पुसायचं नाही ना?"

"मग डावीकडे काहीतरी लिही, सारखं कर."

"डावीकडं लिहिलं तर मध्य जुळेल. पण अर्ध्याचा पुरा होईल का? दुसऱ्या दा-ला एक अंतर आणि पाच अक्षर, सहा ठिपके लागतात. चौकट बरोबर सहाची आहे. तेवढी उघडली तर बसतो. हळदकुंकू तुम्ही वाहिलंय, मला उचलता येत नाही."

गोदाक्कांनी चौकटीकडे पाहिलं, शालनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी काही छत्री उघडून त्यांना वाचवणार होतो. नऊ वाजून गेले होते. आबाजी मास्तरांचा दुपारचा टांगा त्यांना आत्ताच चौकाच्या तोंडाशी दिसायला लागला. ते आले आणि त्यांनी झुकलेला अर्धा दादा पाहिला, तर वा कुठला?

"माझ्या भावानं काय वाईट केलंय तुझं?" गोदाक्का हळूच म्हणाल्या.

"काहीच नाही. माझ्या भावानं तुमचं काय केलंय?"

गोदाक्का खाली बसल्या. या वेळी गुडघा वाजला, चौकभर ऐकू आला. त्यांनी उजव्या बाजूच्या चौकटीवरचं हळदकुंकू एकेक चिमूट उचललं आणि कपाळाला लावलं. कपाळ एवढं भरलं की देवीसारखं दिसायला लागलं. मग ओंजळीनं वेल बाजूला केली.

शालन त्या फटीत उतरली. एक अंतर सोडलं. द लिहिला, शेपटीसकट. मग मागं न बघता एक पाऊल बाहेर टाकलं, बाहेर उभी राहून वाकली, आणि शेवटचा काना बाहेरून ओढला. चौकटीच्या कडेला कड मिळाली. ती सुटली होती, आणि तिच्या मागं दार बंद झालं होतं, दादाच्याच कान्यानं.

"आता डावीकडं पंधरा लागतील," ती साडी झटकत म्हणाली. "नऊ मोकळे आहेत, सहा चौकटीतले. चार अंतर सोडा. उरले अकरा. 'ताई' लिहा. त-ला चार, काना दोन, एक मोकळा, ई-ला चार. बरोबर अकरा. ई-ला वर दोन ओळी ठेवा, रफारासारखा आकडा आहे तिला."

"मी?" गोदाक्का म्हणाल्या.

"हळदकुंकू तुमचं. आणि बाहेरूनच लिहिता येतं सगळं. आत अडकायला होत नाही."

"मला नाही येत गं."

"ठिपके जोडायचे. तुम्ही आबाजीमामांचे जोडणार होतातच ना." आणि जाता जाता म्हणाली, "सुतळी ठेवून जातेय. गाठी मोजत चला, अक्षरं मोजू नका."

मी तिची पिशवी घेऊन तिच्यामागं स्टँडपर्यंत धावलो. गाडी सुटली होती, फाटकापर्यंत गेली होती. मी माझी सगळ्यात मोठी, वाण्याची काळी छत्री आडवी धरली, आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. शालन चढली. जाताना तिनं खिडकीतून एकदाच विचारलं, "मध्य कुठं येईल आता?"

"मला काय ठाऊक, वहिनी."

"सदुसष्ट झाले. चौतिसावा. भा-चा कानाच." मग गाडी गेली.

परत आलो तर पाच बाया डाव्या चौकटीशी ओणव्या होत्या आणि एकीचं ऐकायला दुसरी तयार नव्हती. त-चा त्यांनी न केला होता, पुन्हा केला, पुन्हा केला. ई-च्या आकड्यावर सुतारीण आणि गोदाक्का यांचं पाऊण तास भांडण झालं. आबाजी मास्तर आले तेव्हा ताईची ई किंचित मान वाकडी करून उभी होती, पण ठिपके अकरा होते. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग गोदाक्कांना म्हणाले, "हे कोणी लिहिलं?" त्यांनी रांगोळीचा हात पदराला पुसला. दारात आपलं नाव नाही हे मास्तरांच्या लक्षातच आलं नाही.

पुढचं मला शालननंच सांगितलं, म्हणजे त्यात माझी भर कमी.

दुपारी पावणेबाराला ती विट्याला पोचली. विश्राम पाटावर बसलेला होता, एक पाय पुढं पसरून. जिथं दुसरा नव्हता तिथं वहिनीनं उशी ठेवलेली. त्याचा चेहरा सुकलेला.

"या वर्षी आलीस," तो म्हणाला.

"हलू नको."

पाटाभोवती रांगोळी काढायची असते. तिनं पिशवीतून डबी काढली, पाटाच्या मध्यासमोर पहिला ठिपका टाकला, आणि दोन्हीकडे सारखे ठिपके सोडत पाट वेढायला लागली. मागच्या बाजूला गेली तेव्हा दोन्ही ओळी जवळ आल्या. दोन ठिपक्यांचं अंतर उरलं.

"जोड की," विश्राम म्हणाला. "पोटात कावळे ओरडायला लागलेत."

"नाही," शालन म्हणाली. "तेवढं राहू दे. तुझं ते दार."

आणि तिनं निरांजन पेटवलं.